वास कुठून येतो ते आधी शोधा, मग कमिटीला पत्र लिहा

गार्बेज शूटच्या वासाबद्दल सोसायटीच्या कमिटीकडे जी पत्रं येतात, त्यांतली बरीचशी एका वाक्याची असतात: ‘बिल्डिंगमध्ये असह्य दुर्गंधी पसरली आहे, त्वरित उपाय करावा.’ मंत्री ते पत्र वाचतात आणि सफाई कामगाराला बोलावतात. तो खालच्या कचरा खोलीत फिनाईल ओततो, दोन दिवस वास दबतो. तिसऱ्या दिवशी परत येतो, पण कमिटीच्या दफ्तरी ‘कार्यवाही केली’ अशी नोंद झालेली असते. पुढच्या पत्राला मग वजन राहत नाही.

चूक कमिटीचीच असते असं नाही. ‘वास येतो’ एवढं कळल्यावर माणूस फिनाईलच ओतणार. वास कुठल्या मजल्यावर, कुठल्या वेळी आणि कुठल्या फटीतून येतो हे पत्रात असेल तर काम कुणाला सांगायचं हे कमिटीला कळतं: प्लंबरला, फॅब्रिकेटरला, सफाईवाल्याला की बिल्डरला. म्हणून हा लेख आधी तपासणीबद्दल आहे आणि मग पत्राबद्दल. चलथाण-कडोदरा पट्ट्यातल्या नव्या टॉवरमध्ये राहायला गेलेली मराठी कुटुंबं डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. पण हवेचे नियम पुण्यात आणि ठाण्यातही तेच आहेत.

शूट म्हणजे तळापासून गच्चीपर्यंत गेलेला एक उभा पाइप. प्रत्येक मजल्यावर त्याला कचरा टाकायचं दार असतं, तळाशी कचरा खोली असते आणि वरचं टोक व्हेंट म्हणून गच्चीच्या वर मोकळ्या हवेत उघडतं. रहिवाशांना दार आणि खोली माहीत असते. व्हेंटकडे कुणाचं लक्ष जात नाही. वास आटोक्यात ठेवण्याचं मुख्य काम मात्र तेच करतं. इमारतीच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असली की शूटमधली हवा वर चढते. व्हेंट मोकळा असेल तर ती गच्चीवरून निघून जाते आणि जाताना बहुतेक मजल्यांवरच्या दारांतून लॉबीतली हवा आत ओढून घेते. दाराला थोडी फट असली तरी वास बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. व्हेंट बंद असेल तर चढलेल्या हवेला गच्चीवर वाट मिळत नाही आणि ती वरच्या मजल्यांच्या दारांच्या फटींतून लॉबीत शिरते.

व्हेंट बंद होण्याची कारणं अगदी साधी असतात. पावसाचं पाणी आत येतं म्हणून कुणी त्यावर पत्रा ठोकतो. कबुतरं बसतात म्हणून बारीक जाळी लावली जाते आणि ती धूळ-पिसांनी गच्च होते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करताना टोक झाकलं जातं आणि तसंच राहतं. काही इमारतींत वर एक्झॉस्ट फॅन बसवलेला असतो. तो बंद पडला की त्याची थांबलेली पातीच वाट अडवतात.

यातून एक गोष्ट घडते, जिच्यामुळे सोसायट्यांमध्ये उगाच भांडणं होतात. हिवाळ्यात आणि रात्री वास वरच्या मजल्यांवर असतो, खालच्या मजल्यांवर जवळजवळ नसतो. प्रमुख दुसऱ्या मजल्यावर राहत असतील तर त्यांना खरोखरच काही जाणवत नाही. ‘आमच्याकडे तर काही नाही’ हे त्यांचं म्हणणं खोटं नसतं. मे महिन्याच्या दुपारी उलटही होऊ शकतं: बाहेर हवा तापलेली आणि इमारतीच्या पोटातला शूट थंड, तेव्हा हवा खाली उतरते आणि खालच्या मजल्यांना त्रास होतो. म्हणून नोंद करताना मजल्याइतकीच वेळही महत्त्वाची आहे.

आता तपासणी. त्यासाठी एक अगरबत्ती पुरते. लॉबीच्या खिडक्या आणि पंखा बंद करा, शूटचं दार नीट लावा आणि दाराच्या चारी कडांपासून बोटभर अंतरावर अगरबत्ती हळूहळू फिरवा. धूर फटीकडे ओढला गेला तर त्या मजल्यावर शूट हवा आत घेतो आहे, म्हणजे तिथून वास येत नाही. धूर फटीपासून लॉबीच्या बाजूला ढकलला गेला तर वास तिथूनच बाहेर पडतो आहे. अगरबत्ती शूटच्या आत कधीही नेऊ नका आणि दार उघडं ठेवून हा प्रयोग करू नका. आत कागद, प्लास्टिक आणि चिकट थर असतो आणि ठिणगीने पेट घेऊ शकतो. भीती वाटत असेल तर टिश्यू पेपरची पातळ पट्टी धरा, तीही दिशा दाखवते.

हाच प्रयोग एक बदल करून पुन्हा करा. मजल्यावरच्या एक-दोन घरांना किचनची चिमणी आणि बाथरूमचे एक्झॉस्ट फॅन चालू करायला सांगा, खिडक्या बंद ठेवून. हे पंखे घरातली हवा बाहेर फेकतात आणि तिच्या जागी दुसरी हवा लागतेच. खिडक्या बंद असल्या की ती मुख्य दाराखालच्या फटीतून, म्हणजे लॉबीतून आणि पर्यायाने शूटमधून ओढली जाते. पंखे बंद असताना आत जाणारा धूर पंखे चालू झाल्यावर बाहेर येऊ लागला, तर संध्याकाळी सात ते नऊ, म्हणजे स्वयंपाकाच्या वेळी वास का वाढतो याचं उत्तर मिळालं. व्हेंट मोकळा असूनही हे होऊ शकतं. त्यावर उपाय म्हणजे दाराच्या कडेचं रबर बदलणं आणि लॉबीची खिडकी थोडी उघडी ठेवणं.

तळाच्या कचरा खोलीत तीन गोष्टी पाहा. पहिली, डबा शूटच्या तोंडाखाली बरोबर बसतो की कचरा बाजूला सांडतो. दुसरी, ओल्या कचऱ्याचं काळपट पाणी फरशीवर साचतं का. तिसरी, नहाणी ट्रॅपमध्ये पाणी दिसतं का. या तिसऱ्या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होतं. ट्रॅपच्या वाकलेल्या भागात पाणी उभं असतं आणि तेच गटारातली हवा वर येऊ देत नाही. खोली रोज धुतली गेली नाही तर ते पाणी उन्हाळ्यात लवकर सुकतं. मग खोलीतला वास कचऱ्याचा नसतोच, गटाराचा असतो, आणि शूट त्याला वर नेतो. अशा वेळी कचरा कितीही वेळा उचलला तरी फरक पडत नाही. बादलीभर पाणी ओतलं की पडतो.

सुकलेला ट्रॅप आणि एक्झॉस्ट फॅन ही जोडी किती महागात पडू शकते याचं उदाहरण हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत आहे. 2003 साली सार्सच्या साथीत तिथे तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. चौकशीत दिसलं की बाथरूमच्या फरशीवरचे ट्रॅप सुकले होते, एक्झॉस्ट फॅन ड्रेनेजमधली हवा घरात ओढत होते आणि शेजारच्या दोन फ्लॅटमधल्या डक्टमधून ती इतर मजल्यांवर जात होती. तो कचऱ्याचा शूट नव्हता आणि आपल्याकडच्या वासाशी त्या आजाराचा संबंध नाही. पण उभ्या डक्टमधली हवा पंख्याच्या ओढीने अनोळखी घरांत कशी पोचते, हे त्या चौकशीने स्पष्ट दाखवलं.

वासाचा प्रकारही ओळखता येतो. आंबट, कुजलेल्या भाजीसारखा वास शूटच्या भिंतीवरच्या थराचा किंवा साचलेल्या कचऱ्याचा असतो. सडक्या अंड्यासारखा वास असेल तर ड्रेनेजचा संशय घ्या, विशेषतः शूट ज्या शाफ्टमध्ये आहे त्यातच सोइल पाइप जात असतील तर. आणि एखाद्याच मजल्याच्या वर वास जास्त, खाली कचरा नेहमीपेक्षा कमी पडतो, टाकलेली पिशवी धप्पकन जवळच थांबल्याचा आवाज येतो, तर मध्ये खोका किंवा नारळाच्या शेंड्या अडकल्या आहेत. तुंबलं आहे का हे बघायला दारातून डोकं आत घालू नका. त्याच क्षणी वरून कुणी बाटली टाकू शकतो. मोबाइलला टॉर्च लावून हात आत न नेता फोटो काढा, तोही वरच्या मजल्यांना सांगून.

एवढी माहिती जमली की आठवडाभराची साधी नोंद ठेवा: तारीख, वेळ, मजला, वास कसला, धूर आत की बाहेर. शेजाऱ्यांच्या नोंदी त्यांच्याच शब्दांत घ्या आणि सह्या घ्या. चलथाणला ऊसगाळपाच्या दिवसांत ‘हा वास बाहेरचा आहे’ असंही कुणी म्हणेल. लॉबीच्या खिडकीपाशी आणि शूटच्या दारापाशी एकाच वेळी घेतलेली नोंद हा प्रश्न तिथेच मिटवते.

पुढचा नमुना दहा मजली इमारतीतल्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटधारकाचा धरला आहे. वर सांगितलेल्या तपासणीत व्हेंटवर पत्रा आणि तळाचा ट्रॅप सुका आढळला, असं समजू. आपल्या इमारतीत जे दिसलं तेच लिहा. न पाहिलेली गोष्ट एकही नको.

प्रति,
मा. प्रमुख व मंत्री,
........ को-ऑप. हाउसिंग सोसायटी,
चलथाण, ता. पलसाणा, जि. सुरत.

विषय: ए विंगच्या गार्बेज शूटमधली हवा सहाव्या ते दहाव्या मजल्याच्या लॉबीत येत असल्याबाबत.

महोदय,

मी ए विंगमधील फ्लॅट क्र. 703 चा मालक आहे. दि. 5 ते 12 जानेवारी या काळात सहा, सात, नऊ आणि दहा या मजल्यांवरील रहिवाशांनी वासाची नोंद ठेवली. ती सोबत जोडली आहे. वास रात्री आठनंतर वाढतो आणि पहाटेपर्यंत राहतो. पहिल्या ते चौथ्या मजल्यावर तो जाणवत नाही.

दि. 12 रोजी वॉचमनच्या उपस्थितीत आम्ही पाहणी केली. सहाव्या मजल्यापासून वर शूटच्या बंद दाराच्या फटीतून हवा लॉबीत येते. सातव्या आणि नवव्या मजल्यावरील दारांचे रबर निघाले आहे व स्प्रिंग सैल असल्याने दार आपोआप लागत नाही. गच्चीवर शूटच्या टोकावर पत्रा बसवलेला आहे. कचरा खोलीतील नहाणी ट्रॅप कोरडा असून फरशीवर पाणी साचलेले आहे. फोटो सोबत आहेत.

कमिटीला विनंती आहे की,

गच्चीवरील पत्रा काढून त्या जागी बाजूंनी मोकळी, पावसापासून आडोसा देणारी टोपी बसवावी. हे काम प्रथम व्हावे, कारण त्याचा परिणाम त्याच रात्री तपासता येईल.

कचरा खोली रोज धुण्याची व ट्रॅपमध्ये पाणी राहील हे पाहण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर द्यावी व त्याची नोंद भिंतीवरील तक्त्यात ठेवावी.

सर्व मजल्यांवरील दारांचे रबर व स्प्रिंग तपासून आवश्यक ते बदलावेत.

वरील कामे झाल्यावर शूट आतून धुऊन घ्यावा. धुण्याच्या वेळी सर्व दारे कुलूपबंद ठेवावीत व रहिवाशांना आदल्या दिवशी सूचना द्यावी.

इमारतीचा ताबा मिळून पाच वर्षे झालेली नसल्याने व्हेंट व दारांतील दोषांबाबत बिल्डरला लेखी कळवावे, ही विनंती.

पाहणीच्या वेळी मी व शेजारी उपस्थित राहू शकतो. पंधरा दिवसांत कोणती कामे कधी होतील हे लेखी कळवावे.

आपला,
(सही, फ्लॅट क्र., दिनांक)

सोबत: आठवड्याची नोंद, फोटो, रहिवाशांच्या सह्या.

या पत्रातल्या मागण्यांचा क्रम मुद्दाम तसा आहे. पत्रा काढायला एक माणूस आणि तासाभराचा वेळ लागतो, ट्रॅपला पाणी लागतं, आणि या दोन्हींसाठी सर्वसाधारण सभेची मंजुरी लागत नाही. पैसे लागणाऱ्या मागण्या नंतर येतात. शूट धुणं शेवटी ठेवलं आहे, कारण व्हेंट बंद असताना शूट धुतला तर भिंती दमट राहतात आणि थर पुन्हा लवकर धरतो. धुताना गच्चीवरून दोरीला बांधलेला ब्रश सोडतात, आधी साबणाचं पाणी आणि मग साधं पाणी मारतात. माणूस शूटमध्ये उतरवायचा नाही, कुठल्याही परिस्थितीत. ब्लिचिंग आणि अ‍ॅसिड एकत्र होऊ देऊ नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद खोलीत माणसाचा जीव घेऊ शकतो, आणि ती खोली धुणारा सफाई कामगार सोसायटीचाच माणूस आहे.

बिल्डरबद्दलचं वाक्य नव्या इमारतींसाठी फार मोलाचं आहे. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सोयींमधला दोष निदर्शनास आणून दिला तर बिल्डरने तो तीस दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. मात्र दोष आणि देखभाल यांत फरक करा. व्हेंट मुळातच गच्चीपर्यंत नेलेला नसेल, किंवा दारं आपोआप बंद होणारी दिलीच नसतील, तर तो दोष. रबर वापराने झिजलं असेल किंवा पत्रा सोसायटीनेच ठोकला असेल तर तो खर्च सोसायटीचा. ही पाच वर्षांची मुदत उलटू देऊ नका. चार वर्षं होऊन गेली असतील तर आधी हीच मागणी पुढे न्या. बहुमजली इमारतींतल्या शूटच्या बांधकामासाठी 1973 सालापासून भारतीय मानक आहे, आय.एस. 6924. बिल्डरला लिहिताना त्या मानकाचा उल्लेख करून शूटचा नकाशा मागा.

सुरत परिसरात कचऱ्याचा विषय निघाला की 1994 च्या प्लेगची आठवण निघते. ती स्वाभाविक आहे, शहराने त्यानंतर सफाईचा नवा धडा घालून दिला. पण पत्रात ‘प्लेग होईल’, ‘मुलं आजारी पडतील’ असं लिहू नका. वास म्हणजे आजार नव्हे, आणि असं एक वाक्य बाकीच्या खऱ्या नोंदींवरचा विश्वास घालवतं. उंदीर, झुरळं किंवा माश्या दिसल्या असतील तर कुठे आणि कधी दिसल्या तेवढं लिहा.

कमिटीत गुजराती सभासद असतील तर पत्राची गुजराती प्रत सोबत द्या. मराठी पत्र दुसऱ्या कुणी तोंडी समजावून सांगितलं की नोंदी गळतात आणि फक्त राग पोचतो. पत्र दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर सही, तारीख आणि आवक नंबर घ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला फोटो म्हणजे पत्र नव्हे. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिल्या पत्राचा आवक नंबर लिहून स्मरणपत्र द्या आणि विषय पुढच्या सभेच्या अजेंड्यावर घ्यायला सांगा. त्यानंतरही हालचाल नसेल आणि सोसायटी गुजरात सहकारी संस्था कायदा, 1961 खाली नोंदलेली असेल, तर जिल्ह्याच्या सहकार रजिस्ट्रारकडे लेखी रजूआत करता येते. सगळ्याच इमारती या कायद्याखाली नोंदलेल्या नसतात, म्हणून जाण्याआधी नोंदणीचा दाखला पाहून घ्या.

एक गोष्ट रहिवाशांच्या हातातली आहे आणि ती पत्रावर सह्या करणाऱ्यांनी आधी पाळायला हवी. शूटच्या भिंतीवर थर बसतो तो उघड्या ओल्या कचऱ्याचा: वरणभात, ताक, चहाचा चोथा, भाजीचं पाणी. ओला कचरा निथळून, गाठ मारूनच टाका. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणं प्रत्येकावर बंधनकारक केलं. एकाच पाइपमधून सगळं खाली टाकलं की ते तळाशी पुन्हा एक होतं. म्हणून दहा मजल्यांच्या आतल्या इमारतींत, जिथे घरोघरी कचरा उचलायला माणूस ठेवणं शक्य आहे, तिथे माझं मत स्पष्ट आहे: शूट धुऊन, दारं सील करून तो बंद करावा. सील केल्यावरही वरचा व्हेंट उघडा आणि तळाचा ट्रॅप ओला ठेवावाच लागतो, नाहीतर बंद शूटचाही वास येत राहतो.

पत्रा काढल्याच्या रात्री आठनंतर पुन्हा त्याच मजल्यांवर अगरबत्ती धरा आणि धूर कुठे जातो ते त्याच नोंदवहीत लिहा. धूर आत जाऊ लागला असेल तर तसं कमिटीला दोन ओळींत कळवा आणि काम करून दिल्याबद्दल आभारही माना. पुढच्या मागण्यांसाठी हीच कमिटी लागणार आहे.